सरांची वही आणि आमचा रिटर्न, बेचाळीस हजारांचा फरक

मागच्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. बेळगावात पाऊस म्हणजे पाऊसच, सकाळपासून उघडीप नाही, आणि रिटर्नचा सीझन असल्यामुळं ऑफिसात फायलींचा ढीग. अशात माझे निपाणीचे गणिताचे सर आले, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली त्यांना, पण मी अजून त्यांच्यापुढं खुर्चीत नीट बसतो. छत्री बाहेर ठेवली, पिशवीतनं जुनी शंभर पानी वही काढली आणि आम्ही आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या रिटर्नच्या ड्राफ्टची प्रिंट तिच्या शेजारी ठेवली.

"अरे, या बाँडवर मला सगळे मिळून १,५९,४१७ रुपये सुटलेत. तुझ्या कागदात आणि गेल्या साली भरलेल्या रिटर्नमध्ये मिळून २,०२,००० दिसतंय. वरचे बेचाळीस हजार मला कुणी दिले ते सांग की."

मी पहिल्यांदा म्हटलं, सर, टॅक्सचा हिशेब वेगळा असतो. सर काही बोलले नाहीत, वही माझ्याकडं सरकवली फक्त. खरं सांगतो, वही वाचून होईपर्यंत मला कळलं होतं की चूक आमचीच आहे.

आधी व्यवहार सांगतो. सरांनी १९ ऑक्टोबर २०२३ ला केंद्र सरकारचा ७.३० टक्क्यांचा, २०५३ ला मुदत संपणारा बाँड घेतला, फेस व्हॅल्यू १० लाख. त्याचं व्याज वर्षातनं दोनदा येतं, १९ जूनला आणि १९ डिसेंबरला, दर वेळी ३६,५००. घेतला तेव्हा भाव शंभराला ९७.८०, म्हणजे ९,७८,०००. पण बँकेतनं गेले १०,०२,३३३. वरचे २४,३३३ कशाचे, तर १९ जूनपासनं चार महिन्यांचं व्याज आधीच्या मालकाच्या नावावर साठलं होतं, ते घेणाऱ्यानं त्याला चुकतं करायचं आणि मग डिसेंबरात पूर्ण ३६,५०० आपण घ्यायचे. सरकारी बाँडमध्ये महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात, त्यामुळं हा आकडा वहीवर सुद्धा काढता येतो, सरांनी काढलेला होता.

मग भाव वाढला. २०२३ च्या ऑक्टोबरात लांब मुदतीच्या बाँडवर बाजार साडेसात टक्क्यांच्या आसपास मागत होता, २०२५ च्या मार्चपर्यंत ते सात टक्क्यांपर्यंत खाली आलं, रिझर्व्ह बँकेनं ७ फेब्रुवारीला रेपो, म्हणजे बँकांना उसने पैसे द्यायचा दर, ६.५० वरनं ६.२५ केला होता आणि अजून कपात होणार असं सगळे धरूनच चालले होते. नवीन बाँडवर सात मिळत असताना जुना ७.३० चा कागद कोण स्वस्तात देईल, आणि मुदत अजून अठ्ठावीस वर्षं, त्यामुळं अर्ध्या टक्क्याच्या हलण्यानंसुद्धा भाव पाच-सहा रुपये चढतो. सरांनी १९ मार्च २०२५ ला १०३.४० नं विकला. १०,३४,००० किंमत, आणि डिसेंबरपासनं तीन महिन्यांचं साठलेलं व्याज १८,२५०, असे १०,५२,२५० खात्यात आले.

आता आमच्या पोरानं काय केलं होतं (पोरगा हुशार आहे, पण रात्री अकराला बसून पंचवीस रिटर्न केल्यावर कुणाचंही होतं, आणि तपासायचं काम माझं होतं). विक्री म्हणून बँकेत आलेली पूर्ण रक्कम १०,५२,२५० टाकली. खरेदी म्हणून मात्र भावाचे ९,७८,००० टाकले. नफा आला ७४,२५०. आणि विक्रीच्या स्लिपवर 'अक्रूड इंटरेस्ट १८,२५०' असं वेगळं छापलेलं दिसलं म्हणून ते इतर उत्पन्नात व्याज म्हणून परत धरलं. म्हणजे १८,२५० दोनदा आले, एकदा विक्रीत आणि एकदा व्याजात. आणि सरांनी खिशातनं दिलेले २४,३३३ कुठंच नाहीत. दोन्हींची बेरीज ४२,५८३, सरांचे बेचाळीस हजार ते हेच.

सरांचा हिशेब साधा होता. बाहेर गेले १०,०२,३३३. आत आली तीन व्याजं, म्हणजे १,०९,५००, आणि विक्रीचे १०,५२,२५०. फरक १,५९,४१७. मी त्या दिवसापासनं बाँडच्या प्रत्येक फायलीत ही एक ओळ लिहायला लावतो: घेतल्यापासनं विकेपर्यंत सगळ्या वर्षांत दाखवलेलं व्याज अधिक नफा, हे पासबुकातल्या फरकाएवढं आलं पाहिजे. जास्त आलं तर काहीतरी दोनदा धरलंय, कमी आलं तर काहीतरी सुटलंय.

चूक सापडली, पण बरोबर काय ते अजून ठरायचं होतं. कारण एकूण बेरीज पक्की असली तरी व्याज किती आणि नफा किती याच्यावर टॅक्स बदलतो. सर जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या स्लॅबात आहेत, व्याजावर २० टक्के. बाँड लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेला, आणि बारा महिन्यांवर ठेवलेला, म्हणून नफा लाँग टर्म, २३ जुलै २०२४ पासनं त्याच्यावर १२.५ टक्के, महागाईची वजावट नाही.

खरेदीच्या वेळी दिलेल्या २४,३३३ चं उत्तर सुप्रीम कोर्टानं फार पूर्वीच विजया बँकेच्या केसमध्ये दिलंय: घेताना दिलेलं साठलेलं व्याज हा खरेदीच्या भांडवलाचाच भाग, आलेल्या व्याजातनं ते वजा करता येत नाही. (बँका बाँड व्यापारी माल म्हणून ठेवतात तेव्हा त्यांना हे खर्चात घेता येतं, सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या ऑक्टोबरात बँक ऑफ राजस्थानच्या केसमध्ये ते मान्य केलं, पण सरांसारख्या गुंतवणूकदाराला ते लागू नाही.) म्हणजे २०२३-२४ च्या रिटर्नमध्ये डिसेंबरचे ३६,५०० पूर्ण दाखवले होते ते बरोबरच होतं, पण मग खरेदी किंमत १०,०२,३३३ धरायलाच पाहिजे. हे इतकं सहज सुटतं, कारण स्लिपवर 'प्राइस' म्हणून ९७.८० च ठळक छापलेलं असतं. सरांना हे पटायला थोडं जड गेलं, "म्हणजे दुसऱ्याचं व्याज मी दिलं, त्याच्यावर आधी २० टक्के भरायचे आणि दीड वर्षानं १२.५ टक्क्यांची सूट घ्यायची?" होय सर, तसंच आहे. म्हणूनच व्याजाच्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधी बाँड घ्यायचा नसतो, पाच-सहा महिन्यांचं दुसऱ्याचं व्याज द्यायचं आणि त्याच्यावर त्याच वर्षी आपण टॅक्स भरायचा.

विक्रीच्या १८,२५० चं काय, हे जरा नाजूक. मुंबई हायकोर्टानं २०१२ मध्ये सायप्रसच्या एका गुंतवणूक कंपनीच्या केसमध्ये म्हटलंय की व्याजाच्या दोन तारखांच्या मध्ये विकल्यावर मिळालेलं साठलेलं व्याज हे व्याज नव्हेच, ती विक्रीचीच किंमत, कारण सरकार व्याज देतं ते ठरलेल्या तारखेला आणि त्या दिवशी कागद ज्याच्या नावावर असेल त्याला. हे धरलं तर विक्री १०,५२,२५०, खरेदी १०,०२,३३३, नफा ४९,९१७, टॅक्स साधारण ६,२४०.

पण आम्ही बेळगाव जिल्ह्यात बसलोय. निपाणीपासनं कोल्हापूर तासाभरावर, सरांची मुलगी तिथंच दिलेली, रोज माणसं येतात-जातात, पण टॅक्सच्या बाबतीत मधे सीमा आहे. मुंबई हायकोर्टाचा निकाल कोल्हापूरच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक, इकडच्यावर नाही, आमचं हायकोर्ट कर्नाटकचं. इथं तो निकाल आधार म्हणून दाखवता येतो, वजन आहे त्याला, पण अधिकारी ऐकेलच असं नाही. हे सरांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, सीमाभागातल्या माणसाला अशी गोष्ट नुसती कायद्याची वाटत नाही.

दुसरा रस्ता, १८,२५० व्याजात दाखवायचे आणि विक्री १०,३४,०००. नफा ३१,६६७, टॅक्स ३,९५८, आणि व्याजावर ३,६५०, एकूण ७,६०८. फरक १,३६८ रुपयांचा, वर सेस. दोन्ही रस्त्यांनी बेरीज १,५९,४१७ च येते, सरांनी लगेच मांडून बघितली.

सरांनी मग खऱ्या गणिताच्या मास्तरासारखा प्रश्न विचारला. "समजा मुंबईचं धरलं, तर प्रत्येक वेळी १५ जूनला विकायचं, २० जूनला परत घ्यायचं, म्हणजे व्याज कधी दिसणारच नाही, सगळा नफाच?" सर, हे लोकांनी पूर्वीच करून बघितलंय, म्हणून तर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ९४ आहे. अशा खरेदी-विक्रीमुळं वर्षात हातात आलेलं व्याज, रोजच्या रोज साठत गेलेल्या व्याजापेक्षा कमी पडलं, तर कमी पडलेलं तुमचंच उत्पन्न धरतात. टॅक्स चुकवायचा हेतू नव्हता, किंवा एखाद्या वेळीच झालं आणि आधीच्या तीन वर्षांत तसं केलं नव्हतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. सरांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता, एप्रिलपासनं १९ मार्चपर्यंत साठलेलं होतं ७०,५६७ आणि हातात आली होती दोन पूर्ण व्याजं, ७३,०००.

सर म्हणाले व्याजातच दाखव, व्याज म्हणून आलेत ते. मी तसंच केलं.

निघताना त्यांनी धाकट्या भावाचं विचारलं. त्यानं व्याजदर तळाला असताना, २०२१ मध्ये, लांब मुदतीचा बाँड घेतलेला आणि २०२२ च्या मे महिन्यात रेपो वाढायला लागल्यावर भाव पडला तसा घाबरून नंतर विकला. त्याच्या फायलीत हा १८,२५० सारखा आकडा फार जास्त दुखतो. समजा भावातला तोटा ६०,००० आणि विक्रीच्या वेळचं साठलेलं व्याज १८,०००. वेगळं दाखवलं तर १८,००० वर स्लॅबप्रमाणं टॅक्स, आणि ६०,००० चा तोटा नुसता कागदावर, कारण भांडवली तोटा व्याजातनं वजा होत नाही, लाँग टर्मचा तर फक्त लाँग टर्म नफ्यातनंच, आणि पुढची आठ वर्षं ओढता येतो तेही रिटर्न वेळेत भरला असेल तरच. विक्रीच्या किमतीत धरलं तर तोटा ४२,००० आणि त्या वेळी टॅक्स काहीच नाही. त्या माणसाला पुढं कुठला नफा दिसत नसेल तर मी त्याच्यासाठी मुंबईचा निकाल जोडून भांडायला तयार असतो, सरांच्या १,३६८ साठी नसतो. पण भावानं रिटर्न मुदतीत भरला होता का ते सरांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्यालाच पाठवा, खरेदी आणि विक्री दोन्हीच्या स्लिपा घेऊन, नुसतं बँकेचं स्टेटमेंट नको, त्यात किंमत आणि व्याज एकच आकडा होऊन येतो.

सरांनी वहीत पुढच्या पानावर दोन रकाने आखले, 'भाव' आणि 'साठलेलं व्याज', छत्री घेतली आणि साडेचारची निपाणी गाडी गाठायला गेले.