सात मोठे दिसले, चोवीस लहान

महिन्याच्या आढावा बैठकीचे आलेख तयार करणं हे माझं काम. तक्रारी हाताळणाऱ्या दोन गटांचा आढावा होता, आणि मोजायची गोष्ट एकच होती: आलेल्या तक्रारींपैकी किती टक्के तक्रारी 48 तासांच्या आत निकाली निघाल्या. पहिला गट जुना, त्याचे सहा महिन्यांचे आकडे होते. दुसरा गट नवा, त्याचे चारच महिन्यांचे. एक्सेलमध्ये दोन स्तंभालेख काढले, एकाच आकाराचे करून एका स्लाइडवर शेजारी शेजारी ठेवले. दिसायला स्वच्छ हवेत म्हणून स्तंभांवर आकड्यांची लेबलं घातली नाहीत. बाजूच्या अक्षावर आकडे आहेतच, असा माझा विचार होता.

स्लाइड पडद्यावर आली आणि सगळ्यांचं लक्ष डावीकडे गेलं. पहिल्या गटाचे स्तंभ जिन्यासारखे चढत जवळजवळ छताला टेकले होते. उजवीकडे दुसऱ्या गटाचे स्तंभ हळूहळू वर सरकलेले. दोनच मिनिटांत बोलणं या वळणावर आलं, की दुसऱ्या गटातली दोन माणसं पहिल्याकडे द्यावीत, कारण तिथे काम वेग घेतंय.

दुसऱ्या गटाच्या प्रमुख मॅडम तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "जरा प्रत्येक स्तंभाचा आकडा वाचून दाखवता का?"

मी शीट उघडून वाचलं. पहिला गट: 84, 86, 87, 88, 90, 91. दुसरा गट: 62, 70, 78, 86. म्हणजे पहिला गट सहा महिन्यांत सातने वर गेला होता, आणि दुसरा चार महिन्यांत चोवीसने. पडद्यावर मात्र सातची वाढ चोवीसच्या वाढीपेक्षा दुपटीहून मोठी दिसत होती. खोलीत कुणी काही बोललं नाही. तो आलेख मी काढला होता, आणि त्याच्या आधाराने दोन माणसांची बदली ठरत होती.

डावीकडच्या आलेखाचा उभा अक्ष 80 पासून सुरू होऊन 92 ला संपत होता. मी तो तसा लावला नव्हता, एक्सेलने आपणहून निवडला होता. सगळे आकडे धन असतील, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर एक्सेल अक्ष शून्यापासून सुरू करत नाही. 84 आणि 91 मधला फरक सात, आणि 91 चा सहावा हिस्सा पंधराच्या आसपास. म्हणून तळ 80 वर उचलला गेला. दुसऱ्या गटात फरक चोवीसचा होता, त्यामुळे तिथला अक्ष शून्यापासूनच निघाला. त्या आलेखाचं वरचं टोक मी 100 ठेवलं होतं. आकडे जवळजवळचे, म्हणून फुगवले गेले. आकडे खरोखर पसरलेले, म्हणून ते आपल्या मापात राहिले. या नियमाची ही बाजू तोपर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती.

स्तंभालेखात वाचणारा लांबी वाचतो. तळ 80 वर असला, की 84 चा स्तंभ चार भाग उंच आणि 91 चा अकरा भाग उंच होतो. डोळा सांगतो की काम पावणेतीन पट झालं. खरी वाढ शेकडा आठच्या आसपास. अक्षावर 80 लिहिलेलं असलं तरी उपयोग होत नाही, कारण तो आकडा वाचण्याआधी नजरेने उंचींची तुलना केलेली असते. त्या खोलीत बसलेल्या अनुभवी माणसांपैकी एकानेही तो 80 पाहिला नव्हता.

बैठक थांबवून मी तिथेच दुरुस्ती सुरू केली. उभ्या अक्षावर क्लिक करून Ctrl+1 दाबलं, Format Axis उघडलं, आणि Bounds खाली Minimum मध्ये 0 लिहिलं. Maximum मध्ये घाईत 100 लिहिलं, तर स्तंभ दिसेनासेच झाले. टक्केवारीच्या खान्यात एक्सेल 91% हा आकडा 0.91 असा साठवतं, म्हणून तिथे 100 म्हणजे दहा हजार टक्के. हवं होतं 1. ते लिहिल्यावर स्तंभ परत आले. आकडा हाताने भरला, की शेजारच्या Auto च्या जागी Reset दिसतं. कुणाचा अक्ष हाताने बांधलेला आहे आणि कुणाचा एक्सेलने निवडलेला, हे ओळखायची खूण तीच. दुसऱ्याने केलेली फाइल हाती आली, की मी आता आधी ते बटण बघते.

मग स्तंभांवर लेबलं घातली, Outside End या जागी, म्हणजे स्तंभाच्या डोक्यावर. दोन्ही आलेख आता 0 ते 100 या एकाच मापावर होते. तरीही काहीतरी खटकत होतं. दुसऱ्या गटाचे स्तंभ जाड दिसत होते, आणि त्या जाडीमुळे तो गट आता उगाच भारदस्त वाटत होता. एका चुकीच्या जागी मला दुसरी चूक ठेवायची नव्हती.

दोन्हीकडे Gap Width 219% होती, नव्या एक्सेलची नेहमीची. हा आकडा स्तंभाच्या जाडीच्या प्रमाणात मोकळी जागा सांगतो: 219% म्हणजे दोन स्तंभांमधली फट स्तंभाच्या दुपटीहून जास्त. पण आलेखाची रुंदी सारखी असताना एकीकडे सहा महिने आणि दुसरीकडे चारच. चार महिन्यांत प्रत्येकाला जागा दीडपट, म्हणून स्तंभही दीडपट जाड. टक्केवारी सारखी ठेवल्याने जाडी सारखी होत नाही, ती बदलावीच लागते. सहा स्तंभांच्या आलेखात मी 60% ठेवली. तेवढीच जाडी चार स्तंभांत यायला 140% लागते. हिशोब सोपा आहे: 60% फटीत प्रत्येक महिन्याच्या जागेचा 62.5 टक्के भाग स्तंभाला मिळतो. महिन्याची जागा दीडपट झाली की तीच जाडी मिळायला 41.7 टक्के पुरतो, आणि ते 140% फटीने होतं. स्तंभ रुंद झाल्याने लेबलंही शेजारच्या स्तंभावर न चढता आपापल्या डोक्यावर नीट बसली. फट अगदी 0% केली असती, तर स्तंभ एकमेकांना चिकटले असते आणि वेगवेगळे महिने सलग मोजपट्टीवरचे वर्ग वाटले असते. तो आकार मी वारंवारितेच्या आलेखासाठीच ठेवते.

नवी स्लाइड पाहून पहिल्या गटाचे प्रमुख म्हणाले, "आमची सहा महिन्यांची मेहनत आता सपाट रेघ झाली."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नव्वदीच्या आसपास सातने चढणं सोपं नसतं, आणि शून्यापासूनच्या मापावर ते दिसेनासं होतं. मला दोन वाटा सुचल्या. एक म्हणजे स्तंभ सोडून रेषालेख घ्यायचा. रेषेत बिंदूची जागा वाचली जाते, तळापासूनची लांबी नाही, म्हणून तिथे 80 ते 95 असा अक्ष घेता येतो. मात्र दोन्ही गटांना एकच अक्ष हवा, आणि तो शून्यापासून नाही हे शीर्षकाखाली लिहायला हवं. पण दुसरा गट 62 पासून सुरू होत होता, तो त्या पट्टीत मावलाच नसता.

दुसरी वाट मला जास्त पटली. वेळेत निघालेल्या तक्रारींऐवजी उशिरा निघालेल्या दाखवायच्या. पहिल्या गटात 16 टक्के होत्या, त्या 9 वर आल्या. दुसऱ्या गटात 38 होत्या, त्या 14 वर. तळ शून्यावरच आहे, लांबी खरी आहे, आणि तरीही दोघांची मेहनत डोळ्याला दिसते. एकाने उशीर निम्म्याजवळ आणला होता, दुसऱ्याने निम्म्याच्याही खाली. इथेही अक्ष एक्सेलवर सोडता आला नाही, कारण खालचं टोक त्याने शून्य ठेवलं तरी वरचं एका आलेखात 18 आणि दुसऱ्यात 40 निवडलं. दोन्हीकडे 40 बांधलं. बदलीचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गटाचा पाचव्या महिन्याचा आकडा सुधारून आला. उशिराच्या 10 च्या जागी 11 टक्के. मी खाना बदलला, स्तंभ किंचित वाढला, पण डोक्यावरचं लेबल 10 वरच राहिलं. त्या एका लेबलात मी तारांकित खूण घालण्यासाठी हाताने मजकूर लिहिला होता. तसं केलं की ते लेबल खान्यापासून तुटतं आणि लिहिलेलं तेवढंच दाखवत राहतं, आणि पाहणारा स्तंभापेक्षा लेबलावर आधी विश्वास ठेवतो. त्या लेबलावर उजवं क्लिक करून Reset Label Text केलं, खूण आलेखाखालच्या टिपेत नेली. तेव्हापासून लेबलात हाताने काही लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात तिसरा गट सुरू झाला. त्याच आलेखाची प्रत केली, आकडे बदलले, छापायला पाठवण्याआधी एकदा बघितलं. तिसऱ्या गटाचा पहिला स्तंभ बरोबर 40 च्या रेषेपर्यंत गेला होता आणि तिथे सपाट संपला होता. दुसऱ्या गटाच्या पहिल्या महिन्याच्या 38 हून जेमतेम मोठा दिसत होता. त्याच्या लेबलावर मात्र 46 लिहिलेलं होतं. मी बांधलेल्या 40 च्या वरचा भाग एक्सेलने कापून टाकला होता, कसलीही सूचना न देता. लेबल नसतं, तर नव्या गटाची सगळ्यात कठीण सुरुवात त्या कागदावर दिसलीच नसती. तिन्ही आलेखांत वरचं टोक 50 केलं, तिन्हींकडचं Reset तपासलं, आणि मग छापायला दिलं.