घरखर्चाचे संयुक्त खाते आणि आमची दोन स्वतंत्र खाती

लग्नानंतर ठाण्यात भाड्याच्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्यासमोर प्रश्न उभा राहिला, की घरखर्चाचे पैसे नेमके कोणत्या खात्यातून जावेत. नवऱ्याचे म्हणणे होते, की त्याच्या पगाराच्या खात्यातच माझे नाव जोडून घ्यावे आणि दोघांचे पैसे तिथेच यावेत. मला ते पटले नाही. पगाराचे खाते नोकरीला बांधलेले असते. नोकरी बदलली आणि पगार येणे थांबले, की बँक त्याला साधे बचत खाते करते आणि किमान शिल्लक ठेवण्याची अट लागू शकते. शिवाय मी दरमहा माहेरी आईला पाच हजार रुपये पाठवते. तो निर्णय माझा आहे आणि त्यासाठी घरखर्चाच्या पैशांतून वाट काढावी लागू नये, असे मला मनापासून वाटत होते. बोलून शेवटी ठरले, की दोघांची पगाराची खाती जशी आहेत तशी राहू द्यायची आणि फक्त घरखर्चासाठी तिसरे, संयुक्त खाते उघडायचे.

बँकेत दोघांनाही आधार, पॅन आणि फोटो घेऊन जावे लागले. माझी सर्व कागदपत्रे माहेरच्या नावाची होती आणि त्याच नावाने खाते उघडले, त्यामुळे काही अडचण आली नाही. खरा विचार अर्जातल्या एका छोट्या रकान्यापाशी करावा लागला. खाते कोण चालवणार, असे तिथे विचारलेले असते. ‘दोघांनी मिळून’ लिहिले, तर प्रत्येक व्यवहाराला दोघांची सही लागते आणि दूध-भाजीच्या खात्याला ते झेपणारे नव्हते. ‘पहिला खातेदार किंवा हयात व्यक्ती’ लिहिले, तर पहिला खातेदार जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी पेनाने रकाना दाखवत विचारले, “मॅडम, तुम्हालाही यातून खर्च करायचा आहे ना?” आम्ही ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ हा पर्याय निवडला. त्याचा दुसरा अर्थही आम्ही समजून घेतला होता: दोघांपैकी कोणीही सगळी रक्कम एकट्याच्या सहीने काढू शकतो. म्हणूनच या खात्यात महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे ठेवायचे आणि बचत किंवा मुदत ठेव इथे करायची नाही, असे आम्ही ठरवले.

आता हिस्सा ठरवायचा होता. माझ्या हातात 48,000 रुपये येतात, त्याच्या हातात 72,000. भाडे 24,000, किराणा, दूध आणि भाजी मिळून 12,000, तर वीज, गॅस, इंटरनेट आणि घरकामाच्या मावशी मिळून 9,000, असा एकूण 45,000 रुपयांचा खर्च होता. निम्मे-निम्मे केले असते, तर माझ्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग घरखर्चात गेला असता आणि त्याचा एक तृतीयांशापेक्षाही कमी. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे दोनास तीन, असे धरल्यावर माझे 18,000 आणि त्याचे 27,000 झाले. हे दोघांनाही न्याय्य वाटले.

तरीही दुसऱ्याच महिन्यात भाडे अडकले. त्याचा पगार एक तारखेला होतो, माझा सात तारखेला, आणि भाड्याची कायमची सूचना आम्ही पाच तारखेची दिली होती. पाच तारखेला खात्यात त्याचे 27,000 आले होते, पण किराणा आणि वीजबिलात 5,000 खर्च झाल्यामुळे शिल्लक 22,000 उरली होती. घरमालकांचा फोन आला, तेव्हा आम्हाला हे कळले. भाड्याची तारीख त्यांच्या संमतीने दहा केली, माझा हिस्सा आठ तारखेला जाईल अशी सूचना दिली आणि खात्यात कायम 10,000 रुपये हात न लावता ठेवायचे ठरले. त्यातही 4,000 माझे आणि 6,000 त्याचे आहेत.

राहिले होते नामनिर्देशन, आणि यात माझी स्वतःची समजूत चुकीची होती. संयुक्त खात्यात नॉमिनीचा हक्क दोन्ही खातेदारांच्या मृत्यूनंतरच येतो. एक गेला, तर दुसरा ते खाते चालवू शकतो. म्हणून जोडीदाराचे नाव नोंदवणे अधिक निकडीचे होते ते आमच्या स्वतंत्र खात्यांमध्ये. माझ्या पगाराच्या खात्यावर लग्नाआधीपासून बाबांचे नाव होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्यात चारपर्यंत नॉमिनी नोंदवता येतात, त्यामुळे बाबांचे नाव काढावे लागले नाही. माझ्या खात्यावर आता बाबा आणि नवरा अशी दोन नावे आहेत आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा अर्जात लिहिलेला आहे.