कपाळावरचे उभे केस

"ताई, बाळ आठ महिन्यांचं झालं. माझ्या कपाळाशी हे बोटभर केस उभे राहतात. कापून टाकू का?"

नका कापू. जळगावात पार्लर सुरू केलं तेव्हा एका ताईंच्या हट्टापायी मी ते कापले होते. पंधरा दिवसांत त्या परत आल्या, तेव्हा तेच केस आणखी ताठ उभे होते. नव्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. कात्री लागली की ते बोथट होतं आणि आखूड केस तर वाकतही नाही.

हे केस एकाच वेळी आलेले असतात. गरोदरपणात जे केस गळायचे ते टिकून राहतात, आणि बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळतात. मग नवेही एकदमच उगवतात, एका तिफणीने पेरलेल्या ज्वारीसारखे, सगळे एका उंचीचे. म्हणून ते इतके डोळ्यांत भरतात. वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. कमरेपर्यंतच्या वेणीत ते मिसळायला काही वर्षं जातील. पण पुढे फ्रिंज, म्हणजे कपाळावर येणारी आखूड बट कापली, तर त्यांना गाठायचं अंतर आठ-नऊ सेंटिमीटरच उरतं.

जून महिन्यात पारोळ्याहून एक ताई आल्या, सोबत त्यांची आई. बाळाचं जावळ नुकतंच काढलेलं, आणि आईच्या मते लेकीलाही नवं जावळच फुटलं होतं. कपाळावरचे केस मोजले तर चार सेंटिमीटर. कानशिलापाशी ते जास्त दाट, बाकी केस पाठीपर्यंत आणि किंचित लहरी.

केस धुऊन आधी जवळजवळ पूर्ण वाळवले. लहरी केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की दोनेक सेंटिमीटर वर चढतात, म्हणून फ्रिंज ओल्यावर कापली की हमखास आखूड होते. मग मधला भांग पाडून त्रिकोण काढला: टोक कपाळाच्या रेषेपासून पाच सेंटिमीटर मागे, दोन कोपरे भुवयांच्या बाहेरच्या टोकांसमोर. पुढची रेषा गळतीने विरळ झालेली असते, तिथलेच केस घेतले तर फ्रिंजमधून कपाळ दिसतं. मागचे दाट केस घेतले की ते नव्या केसांवर पांघरुणासारखे पडतात. पण त्रिकोण याहून मागे नेला तर टाळू विरळ दिसते.

नवे केस टेल कोमने, म्हणजे बारीक दांड्याच्या कंगव्याने, पुढे विंचरून तसेच सोडले, त्यांना कात्री नाही. त्रिकोणातले केस मधोमध नाकाच्या शेंड्यापर्यंत कापले, बाजूंना उतरतं करत गालाच्या हाडापर्यंत नेले. नंतर मधला भाग थोडा थोडा वर घेत नाकाच्या वरच्या हाडापर्यंत आणला. घाईत आखूड झालेली फ्रिंज लांब करता येत नाही, म्हणून मी कायम खालूनच सुरुवात करते. कानशिलाकडे हनुवटीपासून लांब, मऊ लेअर दिले, म्हणजे फ्रिंज एकदम थांबत नाही, बाकीच्या केसांत उतरत जाते. केस विरळ करणारी थिनिंग कात्री मात्र मी अशा केसांना लावतच नाही. ती आतून पुन्हा छोटी टोकं तयार करते, आणि तीच तर नको आहेत.

घरी काय करायचं, तेही त्यांना आरशासमोर करून दाखवलं. सकाळी फक्त फ्रिंजची मुळं ओली करायची. ड्रायर कमी गरम ठेवून, हवा वरून खाली, कंगव्याने केस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाबत वाळवायचे. मुळं वाळली तशी केसांची दिशा ठरते; नुसती टोकं वाळवून उपयोग नाही. शेवटी मुगाच्या दाण्याएवढं जेल बोटांवर चोळून कानशिलाकडच्या केसांवरून फिरवायचं. डोक्याला तेल लावाल तेव्हा फ्रिंज वगळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि तेल एकत्र आले की ती कपाळाला चिकटून पट्ट्या पडतात, मग झाकलेलं सगळं उघडं. अशा दिवशी सरळ पिळून बाजूला पिन लावा. घट्ट अंबाडा मात्र नको, कानशिलाचे नवे केस ओढले जातात.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा फक्त फ्रिंजची टोकं कापली. दिवाळीच्या आधी पुन्हा आल्या. त्रिकोण पाडला आणि नवा केस कुठला, फ्रिंजचा कुठला, ते वेगळं काढता येईना. आईने पुढे वाकून पाहिलं, "माय व!" म्हणाली आणि नातवाला कडेवर घेऊन खुर्चीत बसली.

केस दोन-तीन सेंटिमीटरचेच असतील तर दोन महिने थांबा, तोवर बाजूचा भांग आणि रुंद कापडी पट्टा पुरतो. वर्ष झालं तरी गळती थांबली नाही, किंवा कुठे गोल चट्टा दिसला, तर माझ्याकडे नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा; रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या. मीही अशा ताईंना फ्रिंज कापत नाही.