ट्रंकेतली एफडी

माळ्यावरची ह्यांची पत्र्याची ट्रंक परवा खाली काढली, चादरींना ऊन दाखवायचं म्हणून, आणि तळाला अंथरलेल्या पेपरखाली एफडीची पावती निघाली. 15 जून 1998, दहा हजार रुपये, तीन वर्षं, 11 टक्के. नाव दोघांचं, आणि खाली 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात'. हे आता नाहीत, म्हणजे मीच.

मुलाने लगेच मोबाईलवर हिशोब मांडला, आई एक लाख सत्त्याऐंशी हजार! म्हटलं बाबा, मी आयुष्यभर चक्रवाढ व्याज शिकवलंय, 11 टक्के फक्त तीनच वर्षांना, पावतीवर पुढचं काही लिहिलेलं नाही. तिमाही चक्रवाढीने तीन वर्षांचे 13,848 होतात. तो जरा हिरमुसलाच.

आज नवी पेठेतून रिक्षाने बँकेत गेले. काउंटरवरची पोरगी हुशार होती, पावती बघून खूष बिष झाली नाही, आधी जुन्या रेकॉर्डमध्ये बघते म्हणाली. कारण कधी कधी पावती हरवली असं लिहून देऊन लोकांनी डुप्लिकेटवर पैसे काढलेले असतात आणि मूळ कागद घरातच पडून राहतो, मग पावती हातात असूनही खात्यात शून्य. माझा जीव अर्धा तास टांगणीला. पण निघाली, पैसे काढलेले नव्हते.

मग तिने समजावलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. मुदत संपून दहा वर्षं कोणी विचारलं नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात पाठवते, हा फंड 2014 मध्ये झाला, तेव्हा आमचीही गेली असणार. पण हक्क जात नाही, पैसे आपल्याला आपलीच बँक देते आणि मग रिझर्व्ह बँकेकडून परत घेते. फंडात असताना व्याज साधं, सुरुवातीला 4 टक्के, जुलै 2018 पासून साडेतीन, मे 2021 पासून 3. 2001 ते 2014 मधलं बँकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे, म्हणजे बचत खात्याच्या दराच्या आसपास. अंदाजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार हाती येतील म्हणाली.

महागाईकडे बघितलं तर हे काहीच नाही, पण एवढे वर्षं कोणी विचारलंच नाही तर व्याज तरी कशाचं वाढणार!

शेजारच्या जोशीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधा, अजून काही निघेल. त्यावर फक्त रक्कम पडून आहे का एवढंच कळतं, पैसे मागायला शेवटी बँकेतच जावं लागतं. ह्यांच्या नावाचं स्पेलिंग जुन्या बँकेत कसं घातलं असेल देव जाणे, दोन-तीन प्रकारे टाकून बघायला लागेल.

उद्या आधार, पॅन, ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स आणि मूळ पावती घेऊन फॉर्म भरायचा. मुलाला म्हटलंय, ट्रंक भंगारात द्यायचं नाव काढू नकोस, अजून एक कप्पा बघायचाय.