तुम्ही विचारलंत म्हणून: त्या हरलेल्या डावाविषयी

"सरांनी शाळेला एवढ्या ढाली मिळवून दिल्या, आणि तुम्ही निरोपाच्या भाषणात त्या एका हरलेल्या डावावरच बोलत राहिलात?"

ढाली सगळ्यांनी पाहिल्या आहेत. बुद्धिबळाचा तो डाव मी शेजारच्या पटावरून पाहिला.

सांघिक अंतिम लढतीत आम्ही दोन-एकने पुढे होतो आणि चौथ्या पटावर अर्धा गुण मिळाला असता तरी पुरे होते. माझ्या मित्राकडे काळा राजा आणि हत्ती उरला होता, तर समोर राजा, हत्ती आणि पाचव्या ओळीवरचे मधले प्यादे. मित्राचा राजा त्या प्याद्याच्या वाटेतच उभा होता आणि त्याचा हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर होता. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिदोरने अठराव्या शतकात दाखवलेला बचाव तो हाच. हत्तीने ती ओळ धरून ठेवायची, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादे त्या ओळीवर आले की मगच हत्ती पार टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे, कारण तेव्हा त्या राजाला लपायला जागा उरत नाही.

मित्राने सरांकडे पाहून विचारले, "बरोबरी मागू?" पंच शेजारीच होते. संघनायक म्हणून सरांना एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देता येत होते, पटावरच्या स्थितीबद्दल बोलता येत नव्हते. सर म्हणाले, "माग." प्रतिस्पर्ध्याने नकार दिला. घड्याळात फार वेळ उरला नव्हता आणि मित्राने हत्ती तिसऱ्या ओळीवरून काढला. समोरचा राजा लगेच प्याद्यापुढे येऊन बसला आणि मातेची धमकी उभी राहिली. तरीही डाव वाचत होता, फक्त राजा प्याद्याच्या ज्या बाजूला कमी घरे उरतात त्या आखूड बाजूला न्यायला हवा होता, म्हणजे लांब बाजू हत्तीला दुरून शह द्यायला मोकळी राहिली असती. त्याने तो लांब बाजूला नेला. लढत दोन-दोन झाली आणि आधीच्या फेऱ्यांतील गुणांवर ढाल गेली.

सरांनी डोळ्यांनी जरी खुणावले असते तरी भागले असते, असे मला तेव्हा वाटत होते, आणि ते मी बराच काळ मनात धरून होतो. आज वाटते की खूण केली असती, तर नंतरच्या कोणत्याच ढालीकडे मला मोकळ्या मनाने पाहता आले नसते. पण माझी तक्रार संपलेली नाही. आम्ही मुले ओपनिंगच, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालीच, शिकायला मागत होतो हे खरे असले, तरी एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावरचा खेळ, वर्षअखेरीस ढकलण्याचा निर्णय सरांचा होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी तीच स्थिती मांडली आणि आम्हा प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी खेळायला लावली. पुढच्या वर्षी मला तशीच स्थिती आली तेव्हा मी हत्ती हलवण्याची घाई केली नाही, आणि त्या अर्ध्या गुणाने ढाल आली. मित्र मात्र त्या संघात नव्हता. त्याने स्पर्धा खेळणे सोडले होते. हेही मी भाषणात सांगितले, सर समोर बसलेले असताना, आणि ते वाक्य गाळायला हवे होते असे मला अजूनही वाटत नाही.