त्यांची डेबिट नोट, आमची क्रेडिट नोट

सोलापुरात टॉवेलच्या एका होलसेल पेढीवर मी हिशेब लिहिते. गेल्या फेब्रुवारीतला रंग जाणाऱ्या साठ टॉवेलांचा घोळ निस्तरायला मला मार्चचा अर्धा महिना लागला.

जानेवारीत लातूरच्या एका दुकानदाराला आम्ही ६०० टॉवेल दिले होते, २०० रुपये नग. मालाचे १,२०,००० आणि पाच टक्के जीएसटी ६,०००, म्हणजे बिल १,२६,००० चं. त्यातल्या ६० नगांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. फेब्रुवारीत गठ्ठा परत आला आणि सोबत त्यांची डेबिट नोट: माल १२,०००, कर ६००, एकूण १२,६००.

समोर कागदावर ठळक अक्षरात ‘डेबिट नोट’ लिहिलेलं. मीही टॅलीत Alt+F5 दाबलं आणि डेबिट नोट म्हणून नोंदवून मोकळी झाले.

मार्चच्या आठ तारखेला त्या दुकानदारांनी खातेउतारा पाठवला. आमची त्यांच्याकडे बाकी १,१३,४००. माझ्या खात्यात मात्र १,३८,६००! फोनवर ते वैतागून म्हणाले, “ताई, माल आम्ही परत केला आणि उधारी आमचीच वाढवली होय?”

फरक २५,२०० चा. त्या रकमेचं एकही बिल सापडेना. शेवटी दोनने भागून पाहिलं तर १२,६००. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी तंतोतंत जुळली, की बहुतेक वेळा ती नोंद उलट्या बाजूला पडलेली असते.

चूक कळली ती आमच्या शेठजींच्या वडिलांमुळे. ते अजूनही क्रेडिट-डेबिट न म्हणता जमा-नावेच बोलतात. म्हणाले, “अगं, नावे कुणी टाकलं ते बघ. त्यांनी त्यांच्या वहीत आपल्याला नावे टाकलं, म्हणजे आपल्या वहीत त्यांचं जमा.” कागदावरचं नाव ज्याने तो बनवला त्याच्या वहीतलं असतं. त्यांची डेबिट नोट माझ्यासाठी फक्त मागणीचा कागद. माझं काम होतं आमच्या नावाने, आमच्या नंबरची क्रेडिट नोट काढणं. करही तिच्यावरच कमी होतो, कारण विकणाऱ्याने काढलेलीच क्रेडिट नोट जीएसटीत चालते.

जुनी नोंद काढून टाकली, Alt+F6 ने क्रेडिट नोट केली. दर २०० चाच धरला. तोवर नगाचा भाव वाढला होता, पण परतावा मूळ बिलाच्या दराने आणि मूळ बिलाच्याच कराने होतो. बिलाचा संदर्भ विचारला तिथे Agst Ref घेऊन जानेवारीचं बिल निवडलं. On Account ठेवलं असतं, तर एकूण बाकी बरोबर दिसली असती, पण बिलवार यादीत ते बिल १,२६,००० चंच उभं राहिलं असतं आणि वसुलीचा मुलगा पुन्हा पूर्ण रक्कम मागत बसला असता. फेब्रुवारीच्या विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, अकरा तारखेला भरायचं होतं, त्यामुळे निभावलं. नाहीतर ६०० रुपये कर कमी व्हायच्या ऐवजी वाढून गेला असता.

उरला माल. टॉवेल ज्या कारखानदाराकडून १६० रुपयांनी घेतले होते, त्याला ते ६० नग परत पाठवले. इथे डेबिट नोट आमची: माल ९,६००, कर ४८०, एकूण १०,०८०. त्याचं देणं तेवढं कमी केलं आणि खरेदीवर दिलेल्या कराची घेतलेली ४८० ची क्रेडिटही उलटवली.

त्याच्याकडून क्रेडिट नोट आली ती फक्त ९,६०० ची, कराशिवाय. म्हणजे त्याच्या वहीत आमच्याकडे ४८० येणं राहिलं आणि माझ्या वहीत नाही. शेठजी म्हणाले, “चारशे ऐंशीसाठी कशाला भांडतेस, देऊन टाक.” देता आले असते, पण मग मी उलटवलेले ४८० पुन्हा घ्यायला हवेत. त्याने कर कमीच केला नाही, तर आमची क्रेडिट का जावी? दोन्हीकडून सोडलं असतं तर ते पैसे नुसतेच गेले असते. कारखानदाराला मी हेच समजावलं, की माल खरोखर परत आलाय, करासकट नोट काढलीत तर तुमचाही कर ४८० ने कमी होईल. वर्ष मार्चमध्ये संपत असलं, तरी ती दाखवायला ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर मात्र तिथेच संपते.

त्याने नोट बदलून दिली. चौदा एप्रिलला जीएसटी पोर्टलवरचं खरेदीच्या कराचं विवरण, २बी, उघडलं तेव्हा त्यात ती होती: ९,६०० वर केंद्राचे २४० आणि राज्याचे २४०. दुसऱ्या दिवशी त्याच्या उरलेल्या बाकीचा चेक लिहिला.