आप्पांसाठी कुठला सिनेमा?

“आप्पा निवृत्त झालेत, आई गेल्यापासून जळगावच्या घरी एकटेच असतात. म्हातारपणच्या मैत्रीवरचा, मनाला बरं वाटेल असा एखादा सिनेमा सांगा ना. रडारड नको.”

‘ऊंचाई’ लावा. सूरज बडजात्यांचा 2022 चा हिंदी सिनेमा. फक्त एक गोष्ट आधी कानावर घालते: सुरुवातीलाच चार मित्रांपैकी एक जातो. वाढदिवसाची पार्टी, नाचगाणं आणि मग ती बातमी. “रडारड नको” म्हणणाऱ्या माणसाला पहिल्याच अर्ध्या तासात हे अचानक समोर आलं, तर तो उठून जाईल. म्हणून आप्पांना आधीच सांगून ठेवा, की एक मित्र जातो आणि उरलेले तिघं त्याच्या अस्थी घेऊन एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला निघतात. पुढचा सिनेमा त्या तिघांच्या सोबतीचा आहे.

तो चांगला का, तर म्हाताऱ्यांना त्यात देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. अमिताभ बच्चन, अनुपम खेर, बोमन इराणी हे तिघं दिल्लीहून मोटारीने निघतात आणि कानपूर, लखनौ, गोरखपूर करत काठमांडूकडे जातात. वाटेत एकमेकांना टोमणे मारतात, रुसतात, एकमेकांपासून काहीबाही लपवतातही. बोमन इराणींचा जावेद बायकोच्या, म्हणजे नीना गुप्तांच्या शबिनाच्या, इतका अर्ध्या वचनात की मित्रांची चेष्टा थांबतच नाही. पारावर बसणाऱ्या कुठल्याही चौकडीत असा एक जण असतोच.

लांबी मात्र जवळपास तीन तासांची आहे. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. मोटारीचा प्रवास एका संध्याकाळी आणि नेपाळातली चढाई दुसऱ्या संध्याकाळी, असे दोन भाग सहज पडतात. गाडी नेपाळकडे वळली की थांबवा. पाचला सुरू केलंत तर जेवणाआधी उरकतं. जेवणानंतर लावलात तर चढाई सुरू व्हायच्या आत आप्पा खुर्चीतच पेंगतील.

दुपार का नको, याला आपल्याकडे वेगळंच कारण आहे: कूलर. एप्रिल-मेमध्ये खान्देशात तो बंद ठेवता येत नाही आणि त्याच्या घरघरीत संवाद बुडतात. वयाबरोबर आधी कमी होतं ते बारीक, उंच आवाजांचं ऐकू येणं. स, श, फ ही अक्षरं तिथेच निसटतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. मग आप्पा रिमोटने आवाज वाढवतात, त्याबरोबर गाणंही कानठळ्या बसवतं, की लगेच कमी करतात. दर पाच मिनिटांनी रिमोट हातात दिसला तर दुखणं हेच आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये Sound Mode असतो, त्यात बोलणं ठळक करणारा पर्याय असेल तर तो निवडा, कूलर कमी वेगावर घ्या आणि खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढा. कानाचं यंत्र घेऊन कपाटात ठेवलेलं असेल, तर ते आधी बाहेर काढा.

बऱ्याच जणांना आधी ‘102 नॉट आऊट’ आठवतो. 102 वर्षांचा बाप आणि 75 वर्षांचा मुलगा, नात्याने बापलेक पण वागणं मित्रांचं. छोटा आहे, पावणेदोन तासांत संपतो, हसवतोही भरपूर. पण त्यात बाप मुलाला एक अट घालतो: गेलेल्या बायकोला प्रेमपत्र लिही. तुमच्या आई जाऊन फार दिवस झाले नसतील तर ते पान आत्ता उघडू नका. शेवटही हलका नाही. वर्षभराने बघा.

‘नटसम्राट’ कुणी सुचवला तर गोड बोलून टाळा. गणपतराव आणि रामभाऊंची मैत्री उत्तमच रंगली आहे, नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर आले की नजर हलत नाही. पण एकट्या माणसाने संध्याकाळी बघायचा तो सिनेमा नव्हे. अगदीच हलकं हवं असेल तर ‘झिम्मा’ (2021). बायकांची इंग्लंडची सहल, त्यात सुहास जोशी आणि निर्मिती सावंत. आप्पा पहिली दहा मिनिटं “बायकांचा सिनेमा आहे” म्हणतील, तेवढं सोसा.

आणि ‘ऊंचाई’ला आप्पांच्याच वयाचा एखादा मित्र बोलवा. नातवंडं नकोत, ती मोबाईलमध्ये असतात आणि मधेच “पुढे काय होतं” ते सांगून टाकतात. दोन संध्याकाळींच्या मधल्या दिवशी ते दोघं आपोआप भेटतात, कारण अर्धी गोष्ट राहिलेली असते. मित्राला यायला जमलं नाही तर दुसरा भाग त्या दिवशी लावू नका, एक दिवस पुढे ढकला. बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे. दोघांनी तिथे जायचा बेत आखलाच, तर तोरणमाळ सुचवा, तिथे गाडी वरपर्यंत जाते.